मित्र बघत असताना

पावसाळ्यात धबधब्याच्या कड्यावरून पोरं घसरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आपण 'या पोरांना अक्कलच नाही' म्हणून मोकळे होतो. पण त्यातलाच एखादा मुलगा एकटा असता तर त्या कड्यावर गेला असता का? या अंकाचा विषय हाच आहे.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचे स्कॅन चालू असताना किशोरांनी आणि प्रौढांनी पडद्यावर गाडी चालवायची. पिवळा दिवा लागला की ठरवायचे, थांबून थोडा वेळ घालवायचा की धडकेचा धोका पत्करून निघायचे. एकट्याने खेळताना किशोर प्रौढांइतकेच सांभाळून होते. शेजारच्या खोलीतून दोस्त बघताहेत हे कळताच मात्र त्यांनी जास्त धोके घेतले, धडकाही वाढल्या. प्रौढांमध्ये असा फरक दिसला नाही. दोस्तांच्या नुसत्या नजरेने किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाची ओढ जागवणारे भाग अधिक उत्तेजित झाले होते. म्हणजे धोका त्यांना कळत नव्हता असे नाही, मजा मोठी वाटत होती. प्रयोगातली मुले थोडीच होती आणि पडद्यावरची गाडी म्हणजे घाटातली दुचाकी नव्हे, हेही खरे.

तरी आम्हाला वाटते, नुसती धोक्याची माहिती देणारी व्याख्याने इथे तोकडी पडतात. म्हणून या अंकात आम्ही उपदेश टाळून सोबतीकडे पाहिले आहे: गाडीवर मागे कोण बसते, सहलीत मोठे माणूस कुठे असते. तुमच्या घरात याचे काय नियम आहेत? पालकांनी लिहावेच, पण मुलांची पत्रे आम्ही आधी वाचू.