दीडशे युरो

आमच्या गावच्या सोसायटीत मार्च आला की ‘नवं-जुनं’ सुरू व्हायचं. चार दिवसांसाठी कुणाकडून तरी उसने आणून जुनं कर्ज भरायचं आणि नवं उचललं की उसनवारी फेडायची. कागदावर कर्ज फिटलेलं, डोक्यावर तेवढंच. ते शब्द हायडेलबर्गमध्ये पुन्हा आठवतील, असं वाटलं नव्हतं.

इथं भाड्याचं घर पुष्कळदा ओट्याविनाच मिळतं. किर्शहाइममधलं आमचं तसंच होतं. स्वयंपाकघर, अनामत आणि एक जुनी गाडी यांसाठी आम्ही 18,900 युरो कर्ज काढलं. पाच वर्षं मुदत, 6 टक्के व्याज, दरमहा 365 युरो हप्ता. दोन वर्षं हप्ता एकदाही चुकला नाही. मग जूनमध्ये बायकोचा प्रकल्प संपला. बेकारी भत्त्यासाठी बारा महिन्यांचा विमा भरलेला लागतो. तिचे भरले अकरा. नवी नोकरी पक्की होती, सहीसुद्धा झालेली, पण रुजू व्हायचं जानेवारीत.

पहिल्यांदा मीही तेच केलं जे सगळे करतात. गप्प बसलो. पण हप्ता एक तारखेला बँक आपणहून खात्यातून ओढून घेते. खात्यात पैसे नसले की तो परत जातो, दंड बसतो आणि त्या दिवसापासून आपण थकबाकीदार. कायद्यानं बँक लगेच सगळं कर्ज मागू शकत नाही. लागोपाठ दोन हप्ते तरी चुकायला हवेत, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या कर्जात थकबाकी मूळ रकमेच्या 5 टक्क्यांवर जायला हवी. आमच्या बाबतीत 945 युरो, म्हणजे तिसऱ्या हप्त्याला. त्यावर दोन आठवड्यांची नोटीस. एवढी उसंत मिळते खरी, पण ती हातात असताना बोललो तर आपण ग्राहक असतो, नंतर प्रकरण.

म्हणून जूनच्या मध्यालाच वही घेऊन बसलो. माझा पगार हातात 2,600. भाडं 1,350, किराणा 520, वीज-इंटरनेट-फोन 150, ट्रामचे पास 120, विमा 110, मुलीची शाळा आणि जेवण 90. उरले 260.

खरी चूक इथंच होते. लाजेपोटी माणूस लिहून देतो, ‘260 भरतो.’ पहिले दोन महिने भरतो, तिसऱ्या महिन्यात गाडीचं काहीतरी निघतं आणि दिलेला शब्द मोडतो. दुसऱ्यांदा मागायला गेलं की कुणी विश्वास ठेवत नाही. मी दीडशे लिहिले.

पत्र एका पानाचं होतं. कर्जखात्याचा क्रमांक, उत्पन्न का घटलं, कधीपर्यंत घटलेलं राहील, जमाखर्च आणि मागणी: जुलै ते डिसेंबर दरमहा 150, जानेवारीपासून पुन्हा 365, मुदत तेवढी लांबवावी. सोबत पगाराच्या पावत्या, बायकोचं संपलेलं कंत्राट आणि नवं नियुक्तिपत्र. मला वाटतं, काम केलं ते या शेवटच्या कागदानं. ‘परिस्थिती सुधारेल’ या वाक्याला बँकेत किंमत नाही, जानेवारी या तारखेला आहे.

या सवलतीची किंमतही आधीच काढून ठेवली होती. तेव्हा 12,000 युरो आणि 36 हप्ते बाकी होते. सहा महिने दीडशे भरल्यावर शिल्लक उरते साधारण 11,450, म्हणजे पुढे 34-35 हप्ते. कर्ज चारेक महिने लांबतं आणि व्याजापोटी एकूण 250 युरोंच्या आसपास जास्त जातात. ते मला मान्य होतं.

बँकेतल्या बाईंनी सगळं वाचलं आणि विचारलं, ‘दोनशे साठ उरतात, मग दीडशेच का?’ मी हीटिंगच्या वार्षिक हिशेबाचं मागच्या वर्षीचं बिल पुढे केलं. मग त्यांनी दुसरा रस्ता दाखवला: जुनं कर्ज मिटवून नवं, थोडं मोठं घ्या, मुदत सात वर्षं, हप्ता कमी आणि हातात थोडे पैसेही. सोसायटीतला मार्च जर्मनमध्ये ऐकू आला. नको म्हणालो.

सवलत मागायचा संकोच जाता जात नव्हता, तेव्हा एका शेजाऱ्यानं 1953चा लंडन करार सांगितला. पश्चिम जर्मनीची परदेशी देणी तेव्हा जवळपास निम्म्यावर आणली गेली आणि फेड देशाच्या निर्यातीतल्या कमाईशी जोडून आखली गेली. आमच्याकडे आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की पीककर्जाचे हप्ते पाडून देतात, ते मी शेजाऱ्याला सांगितलं. आणेवारी समजावताना माझी जर्मन संपली.

आठ दिवसांत बँकेचं लेखी उत्तर आलं. ते येईपर्यंत फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर मी विसंबलो नाही. उत्तरात दोन गोष्टी तपासल्या: नवा हप्ता कोणत्या तारखेपासून ओढणार, आणि या सहा महिन्यांतला कमी भरणा थकबाकी धरणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय का. दुसरी ओळ नव्हती. मागून घेतली.

एक जुलैला खात्यातून 150 गेले. सप्टेंबरात हीटिंगचं बिल आलं, 214 युरोंचं. दरमहा उरणाऱ्या 110 मधून डब्यात तोवर 330 जमले होते.