पेढीवरील टिपणे : तीस सेकंद आणि सहा चौकटी

दिवाळीपूर्वीच्या दिवसांत पेठेतील बहुतेक दुकानदारांस जाहिरात करावीशी वाटते. पूर्वी हस्तपत्रक छापून वर्तमानपत्रात घालून वाटले की काम भागत असे. आता स्थानिक केबल वाहिनीवर आणि मोबाइलवर तीस सेकंदांची चित्रफीत लागते. आमच्या परिचयातील भांड्यांच्या एका दुकानाचा तरुण वारसदार अशाच कामासाठी कागद घेऊन आला. कागदावर पुढील मजकूर होता : लग्नाचे रुखवत, डिनर सेट, गॅस शेगड्या, जुन्या कुकरच्या बदली सवलत, आजोबांचे छायाचित्र, ५० वर्षांची परंपरा, दिवाळीच्या शुभेच्छा आणि दोन दूरध्वनी क्रमांक. “काका, हे सगळं तीस सेकंदांत बसवून द्या,” असे त्याचे म्हणणे होते.

बसविता येते, मात्र पाहणाऱ्याच्या ध्यानात त्यातील काहीच राहत नाही. शांतपणे, समजेल असे मराठी बोलायचे तर एका सेकंदास दोन शब्द बसतात. म्हणजे तीस सेकंदांत फार तर ६० शब्द, आणि मध्ये श्वासाला जागा हवी असेल तर ४५. तेवढ्या शब्दांत एकच सवलत आणि ग्राहकाने करावयाची एकच गोष्ट मावते.

आम्ही कुकरची सवलत निवडली. कारण सरळ आहे. ‘परंपरा’ ऐकून कोणी घरातून उठत नाही. परंतु माळ्यावर पडलेला जुना कुकर प्रत्येक घरात असतो आणि त्याचे काय करावे हे घरातल्यांस ठाऊक नसते. सवलत अशी : कोणताही जुना कुकर द्या, पाच लिटरच्या नव्या कुकरवर ३०० रुपये कमी. चित्र काढण्याआधी हिशेब केला. समजा, कर वगळून विक्री १,८०० आणि खरेदी १,३५० रुपये. ४५० रुपयांच्या नफ्यातून ३०० गेले की १५० उरतात. जुन्याची मोड वजनावर विकून सुमारे २०० येतात. दुकान तोट्यात जात नाही. मात्र जुन्या वस्तूच्या बदल्यात विक्री असेल तर जीएसटी कमी केलेल्या किमतीवर नव्हे, बदलीविना असणाऱ्या पूर्ण किमतीवर आकारावा लागतो. बिलाची रीत आपल्या करसल्लागारास आधीच विचारून घ्यावी.

आता स्टोरीबोर्ड. १९३० च्या दशकाच्या आरंभी वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत व्यंगपटांची चित्रे क्रमाने भिंतीवर टाचून कथा तपासण्याची पद्धत रूढ झाली, तीच ही. आपल्याला भिंत नको, वहीचे एक पान पुरे. पानावर सहा चौकटी आखाव्यात. प्रत्येक चौकटीत काय दिसते ते काढावे. माणसे काडीची असली तरी चालतात. खाली तीन ओळी : किती सेकंद, काय ऐकू येते, पडद्यावर काय लिहिलेले असते. चित्रफीत मोबाइलसाठी असेल तर चौकट उभी, केबलसाठी असेल तर आडवी. हे आरंभीच ठरवावे, नाहीतर दुकानाची पाटी पुढे कापली जाते.

पहिल्यांदा शेवटची चौकट काढावी, असा माझा आग्रह असतो. जेथे पोहोचायचे ते ठरल्याशिवाय वाट आखता येत नाही. आमच्या सहाव्या चौकटीत दुकानाचा दर्शनी भाग, पायरीवर पिशवी घेतलेली एक बाई आणि तीनच गोष्टी लिहिलेल्या : दुकानाचे नाव, ‘जुन्या पोस्टासमोर’, आणि ‘३१ ऑक्टोबरपर्यंत जुना कुकर घेऊन या’. दूरध्वनी क्रमांक काढून टाकला, यावरून थोडा वाद झाला. क्रमांक दिला की ग्राहक आधी विचारणा करतो आणि विचारणा करून येणे राहून जाते. येथे कुकर हातात घेऊन यायचे आहे, तेव्हा ‘या’ एवढेच सांगावे. तसेच ‘रविवारपर्यंत’ लिहू नये. चित्रफीत पुढे पाठवली जाते आणि दहा दिवसांनी पाहणाऱ्याला तो रविवार कोणता हे कळत नाही.

या चौकटीला आम्ही सात सेकंद दिले. कसोटी अशी की तिच्यातील मजकूर सावकाश दोनदा वाचून व्हावा. होत नसेल तर वेळ वाढविण्यापेक्षा शब्द कमी करावेत.

मग मागे पहिल्या चौकटीकडे यायचे. चार सेकंद : ओट्यावरचा कुकर जवळून दिसतो, झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते, शिट्टी काही होत नाही. बोलणे काहीच नाही, फक्त तो आवाज. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कोणालाही तो ओळखू येतो, म्हणून आजोबांच्या छायाचित्राऐवजी आरंभ याने केला. दुसरी, पाच सेकंद : हात दांडी धरतो, दांडी हलते. “रिंग बदलली, दांडी आवळली, तरी वाफ कडेनेच जाते?” तिसरी, चार सेकंद : तोच कुकर कापडी पिशवीत जातो. “हाच कुकर पिशवीत घाला.” चौथी, पाच सेकंद : काउंटरवर इकडून जुना कुकर ठेवला जातो, तिकडून नवा पुढे सरकतो, वर ठळक अक्षरांत ‘३०० रुपये कमी’. “आमच्याकडे जुना द्या, पाच लिटरच्या नव्या कुकरवर तीनशे रुपये वाचवा.”

पाचवी चौकट मला सर्वांत मोलाची वाटते. चौथीपर्यंत पाहून घरातील बाई म्हणणार, “आपला घेतील का? त्याला शिट्टीच नाही.” ही शंका राहिली तर ती येत नाही. म्हणून पाच सेकंद, काउंटरवर चेपलेल्या, दांडी तुटलेल्या कुकरांची रांग : “कंपनी कोणतीही असो, शिट्टी नसो, दांडी तुटलेली असो, चालेल.” सवलत पाच लिटरच्या कुकरपुरती आहे, हेही याच चौकटीत तितक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीतच लिहिले. फसव्या जाहिरातींविषयी २०२२ साली निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अट ही दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत असावी, असे म्हटले आहे. कोपऱ्यातील फुली आणि मुंगीएवढी अक्षरे सोडून द्यावीत. सवलतीचा माल पुरेसा न ठेवता ग्राहकास दुकानात ओढणे हेही त्याच सूचनांत निषिद्ध आहे. तेव्हा पाच लिटरचे नग आधी मोजून ठेवावेत.

पान पूर्ण झाल्यावर घड्याळ लावून, प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत मजकूर मोठ्याने वाचावा. आमचा पहिला मसुदा ३८ सेकंदांवर गेला. चौथ्या चौकटीतील ‘खास दिवाळीनिमित्त आमच्या सन्माननीय ग्राहकांसाठी’ हे गाळले आणि बसला. दुसरी तपासणी आवाजाविना. मोबाइलवर पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच पाहतात. दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या शेजारणीला ते पान दाखवावे, काही सांगू नये आणि विचारावे, “काय करायचं आहे?” उत्तर “कुकर स्वस्त झालेत वाटतं” असे आले तर पाने पुन्हा आखावीत. “जुना कुकर घेऊन जायचंय” असे आले की छायाचित्रकाराला बोलवावे.

चित्रीकरण चौकटींच्या क्रमाने करू नये. चौथी, पाचवी आणि सहावी दुकान उघडण्यापूर्वी सकाळी एकदम घ्यावीत. पहिल्या तीन घरच्या ओट्यावर, कुकरमध्ये फक्त थोडे पाणी घालून. अर्धा दिवस पुरतो. चेपलेले कुकर मात्र आदल्या दिवशीच मोडवाल्याकडून मागवून ठेवावे लागतात.