खिडकीतला ‘१’ म्हणजे एक मिलिग्रॅम नव्हे

डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका मागच्या वर्षी माझ्याकडे आल्या त्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून. दोन दिवस उलट्या चालू होत्या, घोटभर पाणीही पोटात टिकत नव्हतं. सलाईन लावावं लागलं. मुलगा पुन्हापुन्हा म्हणत होता, “डॉक्टर, चिठ्ठीत ‘आठवड्याला एक’ लिहिलंय, मी एकच दिलं.” तो खोटं बोलत नव्हता.

झालं होतं असं. बाईंना टिर्झेपॅटाइडचा सुरुवातीचा डोस ठरला होता २.५ मिलिग्रॅम. या औषधाचं, म्हणजे मौंजारोचं, क्विकपेन ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात आलं. एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला की १० मिलिग्रॅमचं पेन घ्या आणि बटण पाव फिरवून ‘क्लिक’ मोजून टोचा. दहाच्या पेनाची किंमत अडीचच्या चौपट नसते, म्हणून पैसे वाचतात. पहिल्या तीन आठवड्यांत बाईंनी स्वतः क्लिक मोजले. चौथ्या आठवड्यात बोटं दुखत होती म्हणून पेन मुलाच्या हातात दिलं. त्याने माहितीपत्रक वाचलं, बटण थांबेपर्यंत फिरवलं, खिडकीत ‘१’ आला आणि त्याने टोचलं. पेनाचं सगळं बरोबर होतं. फक्त आईच्या अंगात चौपट डोस गेला. हे औषध निम्मं व्हायलाच साधारण पाच दिवस लागतात. गेलेलं परत काढता येत नाही.

हा ‘१’ नीट समजून घ्या. क्विकपेनमध्ये तो मिलिग्रॅम सांगत नाही, ‘एक पूर्ण डोस’ एवढंच सांगतो. पेन अडीचचं असो, पाचचं असो की दहाचं, प्रत्येक डोसला ०.६ मिलिलिटरच द्रव बाहेर येतो. फरक त्या द्रवात किती औषध विरघळवलंय एवढाच. म्हणजे केमिस्टने चुकून दुसऱ्या ताकदीचं पेन दिलं, तर खिडकी तुम्हाला कधीच सावध करणार नाही. ते फक्त खोक्यावरचं आणि पेनावरचं लेबल सांगतं. उलट सेमाग्लुटाइडच्या १ मिलिग्रॅमच्या पेनात ‘१’ दिसला तर तो खरोखर १ मिलिग्रॅम असतो. आणि घरात इन्सुलिनचं पेन असेल तर तिथला ‘१’ म्हणजे एक युनिट. एकाच फ्रिजमध्ये तीन पेनं, आणि ‘१’चे तीन अर्थ!

म्हणून माझा राग आधी आम्हा डॉक्टरांवर आहे. ‘आठवड्याला एक’ ही चिठ्ठी नव्हे, हा निष्काळजीपणा आहे. औषधाचं नाव, पेनाची ताकद, दर आठवड्याचे मिलिग्रॅम आणि खिडकीत काय दिसायला हवं, या चारही गोष्टी लिहून मागा. डॉक्टर वैतागले तर वैतागू देत.

‘पण पैसे वाचतात’ या मुद्द्याचा हिशेबही करू. दहाच्या पेनातले चार पूर्ण डोस अडीच-अडीचचे केले की होतात सोळा, म्हणजे सोळा आठवडे. पण हे पेन पहिल्यांदा वापरल्यापासून ३० दिवसांत टाकून द्यायचं असतं. नेहमीच्या वापरात डोस पहिल्या, आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या दिवशी येतात आणि पेन मुदतीत संपतं. क्लिकच्या हिशेबात मुदतीत पाचच डोस बसतात, उरलेले अकरा शिळ्या पेनातून. चार पूर्ण डोसांनंतर पेनात थोडा द्रव दिसतो, तोही पाचवा डोस नव्हे. सेमाग्लुटाइडच्या पेनांची मुदत वेगळी असते, ती त्या पेनाच्या पत्रकावरच पाहा.

त्या ३० दिवसांनाही अट आहे: पेन ३० अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. मे महिन्यात कल्याण-डोंबिवलीच्या वरच्या मजल्यावरची खोली दुपारी तेवढी थंड राहते का? तेव्हा उघडलेलं पेनही फ्रिजमध्येच ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेलं पेन वितळलं तरी फेकायचं. सुई प्रत्येक वेळी काढून टाका. आणि खोक्यावर पेनाने पहिल्या डोसाची तारीख लिहा.

डोस जास्त गेलाच तर ‘बघू उद्या’ म्हणू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा, पुढचा डोस विचारल्याशिवाय घेऊ नका. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर वारंवार तपासा, कारण न जेवता ती घसरते. पाणी टिकत नसेल तर थेट दवाखाना गाठा.

अडीचचं पेन परवडत नसेल तर तसं मला सरळ सांगा. दुसरं औषध शोधता येतं. क्लिक मोजणं हा त्यावरचा उपाय नव्हे.