नमुना एक आणि माल दुसरा, असे चालणार नाही

देवळी परिसरात घरी हळद, तिखट, पापड करून विकणारे पुष्कळ आहेत. माल चांगला असतो, पण हॉटेलवाल्याकडे किंवा किराणा दुकानदाराकडे तो पहिल्यांदा नेताना गडबड होते. आम्ही कापडाच्या धंद्यातले. नमुन्याचा तुकडा दाखवून थान विकणे हेच आमचे काम. त्या अनुभवावरून आमचे मत मांडतो.

हळदपुडीचेच उदाहरण घेऊ. हॉटेलवाला पाकीट बघत नाही, आचारी डाळीत टाकून रंग आणि वास बघतो. त्याला पाव किलो साधी पिशवी द्यावी, म्हणजे दोन-चार दिवस वापरून कळते. दुकानदाराला मात्र विक्रीचेच बंद पाकीट हवे. त्यावर वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक नसेल, तर तो ते फळीवर ठेवणार नाही.

आधी पाठवायचा निरोप चार ओळींचा असावा. उदाहरणार्थ: 'नमस्कार. आम्ही देवळीत हळदपूड तयार करतो. महिन्याला 40 किलो देऊ शकतो, दर किलोला 280 रुपये, पोच धरून. पाव किलो नमुना मंगळवारी दुपारी साडेतीनला आणून देऊ का?' घराण्याचा इतिहास नको. दर लपवू नये. दर नसलेल्या निरोपाला व्यापारी सहसा उत्तर देत नाही. हॉटेलात दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावरच जावे.

दर सांगण्याआधी दुकानाचा हिशेब उलटा करावा. समजा, 100 ग्रॅमच्या पाकिटावर 40 रुपये छापले आणि दुकानदाराने 8 ठेवले. उरले 32. पाकीट, लेबल व वाहतुकीचे 5 वजा जाता हाती 27. कच्चा माल, दळणाई आणि मजुरी त्यात बसत नसेल, तर होकार मिळूनही तोटाच. 'विकल्यावर पैसे' असे म्हणणाऱ्याला पहिल्या खेपेस दहाच पाकिटे द्यावीत, मुदत लिहून घ्यावी.

नावाचीही खबरदारी हवी. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. देवळीजवळचे वायगाव (निपाणी) ते नव्हे. माल त्या पट्ट्यातला नसेल आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल, तर ते नाव पाकिटावर घालू नये.

सर्वांत मोठी चूक मात्र पुढे होते. नमुन्याला निवडक हळकुंडे दळतात आणि पुरवठ्याच्या वेळी त्यात गड्डे मिसळतात. आचाऱ्याला डाळीचा रंग बदललेला लगेच दिसतो. तो भांडत नाही, पुढची ऑर्डर देत नाही. म्हणून नमुना नेहमीच्या घाण्यातूनच काढावा आणि त्याच घाण्याची एक पुडी तारीख घालून घरी ठेवावी. तक्रार आली तर दोन्ही पुड्या शेजारी ठेवून निवाडा होतो. कापडात आम्ही हेच करतो.