दारातून परत गेलेले पार्सल

घरी बसून कपडे, अत्तर, खजूर, मसाले किंवा नमाजचे दुपट्टे विकणाऱ्या भगिनी आता गावोगावी दिसतात. दुकान म्हणजे एक मोबाईल, माल घरातल्या कपाटात आणि पोहोचवायला कुरिअर. या धंद्यात सर्वांत जास्त पैसा बुडतो तो उधारीत नाही, चोरीत नाही, तर 'माल आल्यावर पैसे' म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आलेल्या पार्सलांत. कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात. गाड्यांच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही. ग्राहकाने न घेतल्यामुळे पाठवणाऱ्याकडे परत आलेले पार्सल, एवढाच त्याचा अर्थ.

आमची एक माजी विद्यार्थिनी मिरजेजवळ नमाजचा दुपट्टा आणि जानमाज असा सेट शिवून विकते. तिने रमजानचा हिशेब आमच्यासमोर मांडला. विक्री भरपूर झाली, पण हातात काही राहिले नाही, हे तिला समजत नव्हते. तो हिशेब इथे जसाच्या तसा देतो, कारण तो अनेक घरांचा आहे.

सेटची किंमत पोहोचवण्यासह 650 रुपये. कापड व शिलाई 390, पिशवी व पॅकिंग 15, कुरिअर 75 आणि रोख रक्कम गोळा करून देण्याबद्दल कुरिअरचे शुल्क 40. एकूण खर्च 520, म्हणजे पोहोचलेल्या प्रत्येक सेटमागे 130 रुपये नफा. आता ग्राहकाने दारातून परत पाठवले तर? जाण्याचे 75 गेले, परत येण्याचे 70 लागले, पॅकिंगचे 15 वाया. रोख गोळा झालीच नाही म्हणून ते 40 रुपये तिला लागले नाहीत. तरीही 160 रुपये खिशातून गेले. म्हणजे एक परत आलेले पार्सल एका विकलेल्या सेटचा नफा तर खातेच, वर आणखी 30 रुपये खाते.

रमजानात तिने 40 पार्सल पाठवली. 28 पोहोचली, 12 परत आली. नफा 3,640 आणि नुकसान 1,920. महिनाभर सहरीनंतर मशीनवर बसून हातात आले 1,720 रुपये. शिवाय परत आलेल्या 12 पैकी 8 सेट ईद झाल्यावर घरी पोहोचले. पार्सल जायला चार-पाच दिवस, दारात दोन-तीन फेऱ्या, मग परतीचा तितकाच किंवा त्याहून लांब प्रवास, असे पंधरा दिवस सहज जातात. तेवढ्यात हंगाम संपतो. त्या 8 सेटमध्ये अडकलेले 3,120 रुपये या हिशेबात धरलेलेच नाहीत.

लोक पार्सल का नाकारतात? सगळेच बेईमान असतात असे मुळीच नाही. रात्री तरावीहनंतर मोबाईल चाळताना सेट आवडतो, ऑर्डर जाते आणि सहा दिवसांनी माल येतो तोवर तो उत्साह उरत नाही. कधी ऑर्डर सुनेने दिलेली असते, दारात उभ्या असतात सासूबाई. न मागवलेली पार्सले पाठवून पैसे उकळण्याचे प्रकार त्यांनी ऐकलेले असतात, म्हणून त्या सरळ 'आमचे नाही' म्हणतात. कधी घरात तेवढी रोख नसते. कधी पत्त्यात फक्त मोहल्ल्याचे नाव असते. यातली बहुतेक कारणे पार्सल घरातून निघण्याआधीच कळू शकतात. म्हणून बंदोबस्तही तिथेच करायला हवा.

पहिले काम फोनचे. ऑर्डर आली की त्याच दिवशी फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्यात: काय मागवले आणि किती पैसे द्यायचे, पत्त्याजवळची खूण कोणती, पार्सल घ्यायला घरी कोण असेल, आणि त्या व्यक्तीला ऑर्डरची माहिती आहे का. मग तेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावे: 'नमाज सेट, हिरवा, एक. दारात द्यायची रक्कम अमुक. पाठवणाऱ्याचे नाव अमुक. होय असे कळवा, म्हणजे पार्सल निघेल.' पाठवणाऱ्याचे नाव लिहिल्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना ते दाखवता येते. दोनदा फोन करूनही उचलला नाही आणि संदेशालाही उत्तर नाही, तर पार्सल पाठवू नये. ती ऑर्डर गेली असे वाटते, पण प्रत्यक्षात 160 रुपये वाचलेले असतात. सूरह बकराची 282 वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. इथेही पैसा नंतर येणार असतो. लिहून ठेवलेल्या व्यवहारात 'मी म्हटलेच नव्हते' ही तक्रार उरत नाही.

दुसरे काम म्हणजे थोडी रक्कम आधी घेणे. ज्याने काहीच दिलेले नाही, त्याला नाकारताना काहीच गमवावे लागत नाही. थोडे पैसे दिलेला माणूस पार्सलची वाट पाहतो. पण इथे आपल्या घरांत एक प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे: ग्राहकाने माल घेतला नाही तर आधी घेतलेले पैसे ठेवणे जायज आहे का? सौदा मोडल्यास बयाणा जप्त करण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये 'बैउल अरबून' म्हणतात. हनफी, शाफई आणि मालिकी फुकहा त्याला मान्यता देत नाहीत, हंबली देतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1993 च्या ठरावात मुदत ठरलेली असेल तर परवानगी दिली आहे. महाराष्ट्रात बहुतेक घरे हनफी आणि कोकणात शाफई, म्हणून हा मतभेद आपल्यासाठी कागदावरचा नाही.

त्या मुलीने आपल्या मौलानांना विचारून जो मार्ग घेतला तो सोपा आहे. तिने किंमत दोन भागांत मांडली: सेट 575 रुपये, पोहोचवण्याचा खर्च 75. हे 75 आधी घ्यायचे, 575 दारात. आधी घेतलेली रक्कम मालाचा बयाणा नाही, तर पार्सल तिथवर नेण्याची मजुरी आहे, आणि ते काम प्रत्यक्ष झालेले असते. अट मात्र अशी की हे ऑर्डरच्या वेळीच स्पष्ट सांगायचे, खर्चाहून एक रुपया जास्त घ्यायचा नाही, आणि चूक आपली असेल, म्हणजे रंग चुकला किंवा माल फाटका निघाला, तर तेही परत करायचे. आपल्या घरच्या व्यवहारासाठी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. प्रश्न नेमका विचारला तर उत्तरही नेमके मिळते.

सगळे पैसे आधी देणाऱ्याला तिने 25 रुपयांची सूट ठेवली. कुरिअरचे 40 वाचतात, त्यातले 25 ग्राहकाला आणि 15 तिला. अनोळखी ग्राहक आधी पैसे द्यायला कचरेल, आणि त्याची भीती खोटी नाही. म्हणून यूपीआयवर स्वतःचे किंवा दुकानाचे खरे नाव दिसावे, पॅकिंगचा छोटा व्हिडिओ पाठवावा आणि पार्सल निघाल्यावर त्याचा नंबर द्यावा. दोन-तीनदा माल घेतलेल्या जुन्या ग्राहकाकडून मात्र तिने आधी काहीच मागितले नाही.

तिसरे काम पार्सल निघाल्यानंतरचे. कुरिअरच्या पॅनलवर 'Undelivered' किंवा 'NDR' असे दिसले की पार्सल दारातून किंवा वाटेतूनच मागे फिरले असे समजावे. साधारण दोन-तीन फेऱ्यांनंतर ते परतीला लागते, म्हणून त्याच दिवशी ग्राहकाला फोन करावा. कारण 'ग्राहकाने नाकारले' असे लिहिलेले असते आणि ग्राहक म्हणतो, 'आमच्याकडे कोणी आलेच नाही, फोनही नाही.' अशा वेळी त्याच्याकडून त्या दिवसाच्या आलेल्या कॉलच्या यादीचा फोटो मागवावा, तो कुरिअरकडे तक्रारीला जोडावा आणि पुन्हा पाठवण्याची विनंती नोंदवावी. घरी रोख नाही असे कारण असेल तर दुसरा दिवस ठरवून द्यावा, किंवा अनेक कुरिअरवाले दारात क्यूआर कोड दाखवतात, त्यावर पैसे देता येतील का ते विचारून सांगावे. तरीही परत आलेच, तर पाकीट उघडताना व्हिडिओ काढावा. आतला माल बदललेला किंवा खराब निघाला तर तक्रारीला तोच पुरावा असतो.

बकरी ईदच्या आधी पुन्हा 40 ऑर्डर आल्या. सहा जण फोन-संदेशाला उत्तर देईनात, पाच जणांनी आधी 75 देण्यास नकार दिला. पाठवली 29. त्यांपैकी 10 जणांनी पूर्ण पैसे आधी दिले, त्यांच्यामागे 145 रुपये नफा. 19 जणांनी उरलेले दारात देतो म्हटले, त्यातल्या 17 जणांनी घेतले, 2 परत आले. त्या दोघांमागे 160 ऐवजी 85 रुपयेच गेले. 1,450 अधिक 2,210 वजा 170, म्हणजे 3,490 रुपये. रमजानात 28 सेट विकून 1,720, आता 27 विकून दुपटीहून थोडे अधिक. ईदच्या बारा दिवस आधी तिने दारात पैसे घेण्याची सोय लांबच्या गावांसाठी बंद केली, त्यामुळे ईदनंतर घरी आलेला सेट एकही नव्हता.

हे सगळीकडे असेच जमेल असे नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूला 75 आधी कोणी देणार नाही. तिथे दोन-तीन वस्तूंचा एकत्र संच करावा किंवा दारात पैसे घेण्याची सोय आपल्या शहरापुरती ठेवावी. आणि आपल्या वहीत दर महिन्याला दोन आकडे लिहावेत: किती पाठवली, किती परत आली, आणि परतीचे कारण कोणते. एकाच पिनकोडवरून वारंवार परत येत असेल तर तिथे रोखीची सोय बंद करावी.

आता थोडे खरेदी करणाऱ्यांसाठी, कारण या पानाचे बहुतेक वाचक तेच आहेत. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा हक्क, म्हणजे 'खियारे रुयत', हनफी फिकह ग्राहकाला देते. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर जरूर परत करावा. पण पाकीट न उघडताच 'आता नको' म्हणणे हा तो हक्क नव्हे. मन बदलले तर ऑर्डर दिल्याच्या दिवशीच एक संदेश टाकावा, पार्सल निघण्याआधी. त्याला पैसे पडत नाहीत, आणि कुणाच्या तरी घरचे 160 रुपये वाचतात. ऑर्डर दिली असेल तर घरात सांगून ठेवावे आणि तेवढी रोख दाराजवळच्या कपाटात काढून ठेवावी.