दारसजावटीचे गुण कशाला द्यावेत?

विद्यालयाच्या संमेलनात वर्गाचे दार सजविण्याची स्पर्धा असते. तिच्या निकालाविषयी आमचे एक मत आहे. बाजारातील चमकदार साहित्य ज्या दारावर अधिक, त्यालाच पारितोषिक मिळत असेल, तर ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला परगावी गेले आहेत, त्यांचा वर्ग स्पर्धेपूर्वीच हरलेला असतो. हा अन्याय गुणांच्या वाटणीने टाळता येतो.

पहिले गुण विषयाच्या स्पष्टतेला असावेत. बुद्धमूर्ती, संविधान, अजिंठा आणि लळिंगचा किल्ला एकाच दारावर आले, की पाहणाऱ्याच्या मनात काहीच उरत नाही. त्याऐवजी अजिंठ्याच्या नवव्या लेण्याचे चैत्यगवाक्ष घ्यावे. नालेच्या आकाराच्या त्या कमानीतून प्रकाश आत येतो आणि आतला स्तूप दिसतो. दहा पावलांवरून पाहणाऱ्यास हा विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

दुसरे गुण कागदाच्या थरांना असावेत. जळगावच्या केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा येथे उत्तम कामी येतो. सर्वांत मागे गडद कागद, त्यावर फिकट स्तूप, त्यापुढे लहान कमान आणि सर्वांत पुढे मोठी कमान, असे थर लावावेत. दोन थरांमध्ये पुठ्ठ्याचे बोटभर जाडीचे तुकडे चिकटविले, की कडांची सावली मागच्या कागदावर पडते आणि खोली दिसते. तुकडे न लावता कागदावर कागद चिकटविल्यास दुरून सारे सपाट दिसते. खळ पातळ झाली तर कागद फुगतो व सुरकुततो. म्हणून ती घट्ट करून केवळ तुकड्यांवर लावावी.

तिसरे गुण दार दार म्हणून चालते की नाही, यास असावेत. परीक्षकांनी ते स्वतः उघडून मिटवावे. कडी मोकळी हवी, आणि बाहेर उघडणारे दार भिंतीला टेकल्यावर कमान चेपता कामा नये. दोन फळ्यांच्या दारावर मधोमध बुद्धमुख लावले, तर दार उघडताच ते दुभंगते. प्राचीन बौद्ध शिल्पकारांनी स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र आणि रिक्त आसन यांतून बुद्ध सुचविला. तीच वाट येथे योग्य. तरीही चिन्हाचे दोन अर्ध वेगवेगळे कापून सांध्यावर फट ठेवावी, नाहीतर कागद फाटतो.

पन्नास गुणांपैकी विषयाला पंधरा, थरांना पंधरा, दाराच्या वापराला दहा आणि मुलांनी स्वतः केलेल्या कामाला दहा, अशी वाटणी आम्ही सुचवितो. शेवटचे दहा देण्यापूर्वी परीक्षकांनी वर्गातील कोणत्याही एका मुलास विचारावे, 'ही कमान अशी का कापली?' साहित्याच्या किमतीला एकही गुण नसावा. ही वाटणी स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी सूचनाफलकावर लागली, तर खोके गोळा करणाऱ्या मुलासही जिंकण्याचा मार्ग दिसेल.