रक्त थांबले म्हणजे मूळव्याध बरी झाली असे नव्हे

औषधाच्या दुकानात जाऊन दबक्या आवाजात "मूळव्याधीवर काहीतरी द्या" म्हणणाऱ्याच्या हातावर आज बहुधा डायॉसमिन आणि हेस्पेरिडिन यांची गोळी पडते. तपासणी नाही, प्रश्न नाहीत, चिठ्ठी नाही. तीन-चार दिवसांत रक्त थांबते आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. जाहिरातवाल्यांनी या निःश्वासाचेच भांडवल केले आहे. "शस्त्रक्रियेविना मूळव्याध मुळापासून नाहीशी" हे त्यांचे वाक्य ज्या पुराव्याच्या जोरावर उभे असल्याचे भासवले जाते, तो पुरावा तसे काहीही म्हणत नाही. गोळी निरुपयोगी आहे, असेही तो म्हणत नाही. तो नेमके काय म्हणतो हे समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण या विषयातील एक महत्त्वाची चाचणी आपल्याच देशात, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये झालेली आहे.

मिश्रा आणि परशाद या शल्यचिकित्सकांनी केलेली ही चाचणी 2000 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध झाली. आतल्या मूळव्याधीतून रक्त जात असलेले शंभर रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पन्नास-पन्नासच्या दोन गटांत विभागले गेले. एका गटाला सूक्ष्मकण केलेली फ्लॅव्होनॉइड गोळी मिळाली, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. तिसऱ्या दिवसापर्यंत खऱ्या गोळीच्या गटात 40 जणांचे रक्त थांबले, तर खोट्या गोळीच्या गटात 19 जणांचे. सातव्या दिवशी हेच आकडे 47 आणि 30 असे होते.

जाहिरातीत यांपैकी फक्त पहिला आकडा येतो. अभ्यासकाची नजर दुसऱ्यावर खिळायला हवी. काहीही औषध न घेता आठवड्याच्या आत दर पाचांपैकी तिघांचे रक्त आपोआप थांबले. मूळव्याधीचा रक्तस्राव स्वभावतःच लहरी असतो. तो येतो आणि जातो. म्हणून "मी गोळी घेतली आणि रक्त थांबले" हा एकट्या माणसाचा अनुभव गोळीच्या बाजूने काहीच सिद्ध करत नाही. गोळीचे श्रेय दोन गटांतील फरकाएवढेच: तिसऱ्या दिवशी शंभरात 42, सातव्या दिवशी शंभरात 34. हा फरक लहान नव्हे. वैद्यकात एवढा परिणाम दाखवणारी औषधे मोजकीच असतात. पण रक्त लवकर थांबवणे एवढेच त्याचे स्वरूप आहे. आजार नाहीसा करणे नव्हे.

त्याच चाचणीचा पुढचा भाग याची साक्ष देतो. रक्त थांबलेल्यांना तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या. खऱ्या गोळीच्या 47 जणांपैकी 30 जणांना पुन्हा त्रास झाला नाही. खोट्या गोळीच्या 30 पैकी 12 जणांना झाला नाही. फरक पुन्हा गोळीच्या बाजूचा आहे. तरी उरलेली बाजूही वाचली पाहिजे: रोज औषध घेत असतानाही 47 पैकी 17 जणांना तीन महिन्यांच्या आत पुन्हा रक्त गेले. जी व्याधी औषध चालू असताना तीनांपैकी एकाला परत गाठते, तिला 'मुळापासून नाहीशी' म्हणणे ही भाषेशीच प्रतारणा आहे.

असे का होते, याचे उत्तर शरीररचनेत आहे. गुदद्वाराच्या आत प्रत्येकाच्याच शरीरात रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. द्वार घट्ट मिटायला त्यांची मदत होते. या गाद्या आतून स्नायूंच्या आणि तंतूंच्या बारीक धाग्यांनी जागच्या जागी बांधलेल्या असतात. वर्षानुवर्षे कुंथल्याने आणि वयोमानाने हे धागे ताणले जातात, तुटतात, आणि गाद्या खाली घसरू लागतात. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन यांनी 1975 साली हे चित्र स्पष्टपणे मांडले. घसरलेल्या गादीत रक्त साचते, ती सुजते, आणि कडक मळाच्या घर्षणाने तिचे नाजूक आवरण फाटते. या गाद्यांना बारीक रोहिण्यांतूनही रक्त मिळत असल्यामुळे ते लालभडक दिसते.

डायॉसमिन या साखळीतील सुजेच्या कडीवर काम करते. ते शिरांच्या भिंतींचा ताण वाढवते, केशवाहिन्यांतून होणारी गळती आणि दाह कमी करते. त्यामुळे गादी आक्रसते, ओलसरपणा आणि खाज घटते, रक्त थांबते. परंतु तुटलेले धागे कोणतीही गोळी पुन्हा विणत नाही. म्हणूनच शौचाच्या वेळी बाहेर येणारा आणि बोटाने आत ढकलावा लागणारा मोड, किंवा कायमच बाहेर राहिलेला मोड, गोळ्यांनी स्वस्थानी परतत नाही. तिथे रबराचे कडे बसवणे किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग उरतात. कापल्यासारखी तीव्र वेदना असेल तर तो बहुधा गुदद्वाराला पडलेला चिरा असतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

एम्सची चाचणी एकटी नाही. 2012 सालच्या कोक्रेन समीक्षेने अशा शिराबल्य औषधांच्या 24 चाचण्या एकत्र तपासल्या. रक्तस्राव, खाज आणि स्राव यांत सुधारणा आढळली. वेदनेच्या बाबतीत निर्णायक लाभ दिसला नाही. समीक्षकांनी अनेक चाचण्यांच्या पद्धतीतील उणिवांकडेही बोट दाखवले. अनुकूल निष्कर्षांचेच लेख अधिक छापले गेले असण्याची शक्यताही त्यांनी नोंदवली. म्हणजे खरा लाभ दिसतो त्याहून काहीसा कमीही असू शकेल.

दुकानातल्या व्यवहारात आणखी एक गफलत होते. चाचण्यांमध्ये तीव्र त्रासासाठी वापरली जाणारी मात्रा 500 मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या हिशेबाने पहिले चार दिवस रोज सहा आणि पुढचे तीन दिवस रोज चार अशी आहे; आठवड्याला 36 गोळ्या. पुष्कळ लोक रोज एक-दोन गोळ्या घेतात आणि रक्त थांबताच सोडून देतात. त्या मात्रेत जे रक्त थांबते, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी आपोआप थांबण्यालाच जाते. शिवाय पाकिटावर 'सूक्ष्मकण' हा उल्लेख आहे की नाही, हे क्वचितच कोणी पाहतो. डायॉसमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साधारण 37 मायक्रोमीटरचे कण दळून दोन मायक्रोमीटरच्या आत आणले, तर तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ सुमारे अठरा पट होते आणि आतड्यात शोषण वाढते. मात्र शोषण अठरा पट वाढत नाही. निरोगी स्वयंसेवकांमधील मोजमापात लघवीवाटे बाहेर पडणारा अंश सुमारे 33 टक्क्यांवरून 58 टक्क्यांवर गेला. जाडसर कणांच्या स्वस्त गोळीने सूक्ष्मकणांच्या चाचणीचे आकडे मिरवणे म्हणजे दुसऱ्याची गुणपत्रिका दाखवण्यासारखे आहे.

इथवरची हानी पैशांची आहे. खरी भीती पुढे आहे. समजा, एका कार्यालयातील सेहेचाळीस वर्षांच्या कारकुनाला रक्त दिसले. त्याने गोळ्या आणल्या, पाच दिवसांत रक्त थांबले. चार महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम. तिसऱ्या खेपेस रक्त थोडे काळपट आणि मळात मिसळलेले होते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नव्हते, जिने चढताना दम लागत होता. पण "आपली नेहमीची मूळव्याध" हे निदान आता त्याच्या मनात पक्के झाले होते, आणि त्याचा पुरावा म्हणून गोळीचा गुण त्याच्या हाताशी होता. हा पुरावा पोकळ आहे. गुदाशयातील गाठीचे रक्तही येते आणि आपोआप थांबते. त्या थांबण्याच्या सुमारास घेतलेली कोणतीही गोळी गुणकारी ठरते. गोळीने रक्त थांबले यावरून ते मूळव्याधीचेच होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय 47 च्या आसपास होते, आणि निम्म्याहून अधिकांना शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार होती. हे रुग्ण त्याच वयाचे आहेत, ज्या वयात दुकानातून गोळ्या नेल्या जातात. म्हणून पहिल्या वेळीच एकदा डॉक्टरांकडून बोटाने आणि लहान नळीने तपासणी व्हावी. रक्त मळात मिसळलेले असणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, रक्तक्षय, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीने आतडे तपासल्याशिवाय गोळ्यांवर विसंबू नये.

तपासणीनंतर मूळव्याधच ठरली आणि ती प्राथमिक अवस्थेत असली, तर डायॉसमिन घेण्यात गैर काही नाही. त्याचे दुष्परिणाम बहुधा पोट बिघडण्यापुरते असतात. अमेरिकेतील गुदशल्यतज्ज्ञांच्या संघटनेनेही अल्प अपाय आणि बऱ्यापैकी आराम या अपेक्षेने अशी औषधे देता येतील, अशी सौम्य शिफारस केली आहे. पण मुळाशी असलेले कुंथणे गोळी थांबवत नाही. ते काम इसबगोलासारखा तंतुमय आहार करतो. सात चाचण्या आणि 378 रुग्णांच्या समीक्षेत अशा तंतूंनी रक्तस्रावाचा धोका सुमारे निम्म्यावर आणलेला दिसला. गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या या भुशीची जाहिरात मात्र 'चमत्कार' म्हणून होत नाही.

आपल्या औषध नियमांतील अनुसूची 'जे' मध्ये, ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांच्या यादीत, मूळव्याध आणि भगेंदर यांची नावे आहेत. नियम असूनही 'कायमची मुक्ती' विकली जाते, याला विक्रेत्यांइतकीच पाहणाऱ्या यंत्रणेची डोळेझाकही जबाबदार आहे. पाकिटावर दोनच वाक्ये ठळक छापली तरी पुरे: "ही गोळी सूज आणि रक्तस्राव काही काळ कमी करते. रक्त कुठून येते, हे आधी तपासून घ्या."